सहावी 'ब' च्या वर्गशिक्षकांसाठी: आदित्यच्या सिकलसेल आजाराबद्दल

सोलापूर, दि. 18 फेब्रुवारी 2026

आदरणीय जाधव सर,
सप्रेम नमस्कार.

सोमवारपासून आपल्या वर्गात येणारा आदित्य (वय 11, वजन 29 किलो) याला सिकलसेल आजार आहे. त्याच्या वडिलांची रेल्वेत बदली होऊन हे कुटुंब नागपूरहून आले आहे. विदर्भात हा आजार शिक्षकांच्या ओळखीचा असतो. आपल्याकडे तो कमी दिसतो, आणि त्यामुळेच दुखणं अंगावर येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आई-वडिलांच्या परवानगीने हे सविस्तर लिहीत आहे. हे पत्र आपल्यापुरतं, मुख्याध्यापक आणि पी.टी.च्या सरांपुरतंच ठेवावं. वर्गात काय सांगायचं ते आदित्य स्वतः ठरवील.

हा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यामुळे जन्मतःच होतो. तो संसर्गजन्य नाही. आदित्यच्या अहवालावर 'एसएस' असं लिहिलं आहे, म्हणजे तो नुसता वाहक नसून रुग्ण आहे. त्याच्या लाल पेशींना प्राणवायू किंवा पाणी कमी पडलं की त्या कडक होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. शिवाय निरोगी पेशी साधारण 120 दिवस जगतात, याच्या 10 ते 20 दिवसांतच फुटतात. त्यामुळे रक्त कायम कमी, दम लवकर लागतो आणि डोळ्यांत पिवळसर झाक असते. ही झाक रोजचीच आहे, ती पाहून घाबरू नये. ती एकदम गडद झाली तर मात्र मला कळवा.

आता पाण्याचं, कारण सोलापुरात याच्या तब्येतीचा निम्मा भार पाण्यावर आहे. या आजारात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. अंगात पाणी कमी असलं तरी लघवी भरपूर आणि फिकटच होते. 'लघवी पिवळी झाली की पाणी प्या' हा नेहमीचा नियम इथे फसवा ठरतो. तहान लागण्याचीही वाट पाहायची नाही, पाणी घड्याळाकडे बघून प्यायचं. दिवसभरात 2 ते 2.5 लिटर, त्यातलं 1 लिटर शाळेत. त्याच्याकडे पारदर्शक बाटली असेल, तिच्यावर मी मार्करने 250 मिलिलिटरच्या खुणा केल्या आहेत. पहिली खूण 12 वाजेपर्यंत, दुसरी मधल्या सुट्टीअखेर, तिसरी 3:15 पर्यंत आणि उरलेलं शाळा सुटेपर्यंत. बाटली दप्तरात नको, बाकावर राहू द्या, म्हणजे फळ्याजवळूनही खूण दिसेल. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तरी हे 1 लिटर कमी होणार नाही. खेळाच्या तासाआधी आणि नंतर एकेक पेला जास्त. ताक, लिंबूपाणी चालेल. कोल्ड्रिंक आणि चहा पाण्याच्या हिशेबात धरू नयेत.

एवढं पाणी प्यायल्यावर त्याला वारंवार लघवीला जावं लागणार. त्याने हात वर केला की लगेच जाऊ द्यावं, परीक्षेतसुद्धा. परवानगी मागायला संकोच वाटला की मुलं पाणी पिणंच बंद करतात, आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं.

ऊन जसं वाईट तशी थंडीही. परिपाठाला त्याला सावलीत उभं करा. मैदानात पळवणं किंवा उन्हात उभं करणं ही शिक्षा त्याला कधीही नको. खेळू द्या, पण दर 10 ते 15 मिनिटांनी थांबवा, आणि तो 'दमलो' म्हणाला तर तो आळस समजू नका. अंग घामेजलेलं असताना थेट पंख्याखाली नको. रंगपंचमीला किंवा पावसात भिजला तर कपडे लगेच बदलायचे, जोडी माझ्या खोलीत आहे. मार्चमधल्या नळदुर्गच्या सहलीत किल्ला चढण्याआधी माझ्याशी बोला.

हात, पाय, पाठ दुखतंय म्हणाला तर त्याला सोबत देऊन माझ्याकडे पाठवा, एकटा नाही. तो हसत बोलत असला तरी दुखणं खरं असू शकतं, ही मुलं वेदनेसह वावरायला शिकलेली असतात. मी त्याला सोलापुरी चादर गुंडाळून झोपवते, पाणी देते, दुखऱ्या जागी कोमट शेक देते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीतली गोळी देते. बर्फ कधीही लावू नका, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. तासाभरात उतार पडला नाही तर घरच्यांना बोलावून रुग्णालयात.

पुढच्या गोष्टींत मात्र तासभरही थांबायचं नाही.

ताप 101 अंश फॅरनहाइट किंवा जास्त. या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. तापाची गोळी देऊन 'बघू उतरतो का' असं करू नये, थेट रुग्णालय.

छातीत दुखणं, धाप लागणं, श्वास भरभर चालणं. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तीव्र डोकेदुखी, झटका किंवा भान हरपणं. हा पक्षाघात असू शकतो, लहान वयातही. लिहिता लिहिता पेन गळून पडलं किंवा अक्षर एकाएकी वेडंवाकडं झालं, तरी हात वर करायला आणि हसायला सांगून पाहा. कधी सुरू झालं ती वेळ टिपून ठेवा, आणि अशा वेळी तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाईल.

एकाएकी फिका पडणं (खालच्या पापणीच्या आतली बाजू पाहा), पोट डाव्या बाजूला फुगणं, चक्कर. यात प्लीहेत रक्त साठत असतं. आणि मुलगे लाजून सांगत नाहीत अशी एक गोष्ट: लिंगाला वेदनादायक ताठरता येऊन ती ओसरत नसेल तर तीही तातडीचीच. 'खाली दुखतंय' एवढंच म्हणाला तरी इतरांसमोर न विचारता माझ्याकडे आणा.

अशा वेळी 108 ला फोन करा, पहिलं वाक्य 'सिकलसेल एसएसचा रुग्ण आहे' हेच असू द्या. घरच्यांना कळवा, पण त्यांची वाट पाहत थांबू नका. माझ्या कपाटातली लाल फाईल सोबत द्या. तिच्यात अहवाल, रक्तगट आणि चालू औषधं आहेत. मी रजेवर असले तर चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात आहे.

एक गोष्ट तातडीची नाही, पण आपल्यालाच आधी दिसेल. मेंदूतल्या बारीक वाहिन्या बाहेरून काहीच न कळता बंद पडू शकतात. महिन्या-दोन महिन्यांत त्याचं लक्ष, पाठांतर किंवा गणित घसरलं तर ओरडण्याआधी मला सांगा, डॉक्टरांना ते कळायला हवं. गैरहजेरीही होईल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा परीक्षेतल्या सवलतींबाबत मुख्याध्यापकांशी मी बोलते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत 10 मिनिटं माझ्या खोलीत याल का? थर्मामीटर, फाईल आणि शेकाची पिशवी कुठे आहे ते दाखवून ठेवते. पी.टी.च्या सरांनाही सोबत आणा.

आपली,
सुनीता सिस्टर
शालेय परिचारिका