वारंवार उशिरा व निकृष्ट येणाऱ्या किराणा मालाबाबत तक्रार

दि. २३ जुलै २०२५

प्रति,
मालक,
किराणा-भुसार घाऊक दुकान,
भुसार विभाग, मार्केट यार्ड,
गुलटेकडी, पुणे

विषय : जुलै महिन्यात उशिरा आलेला व खराब निघालेला माल बदलून मिळणे आणि पुढील पुरवठा वेळेवर होण्याबाबत

शेठ, सप्रेम नमस्कार.

फोनवर तीनदा बोलून झालं. प्रत्येक वेळी "ताई, पुढच्या वेळी बघतो" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून आता लेखी कळवत आहे.

आपलं ठरलंय ते असं : सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी यादी पाठवायची आणि मंगळवारी व शुक्रवारी सकाळी आठच्या आत माल खानावळीत पोहोचायचा. या महिन्यात कालपर्यंत सात खेपा झाल्या. वेळेवर आल्या त्या दोनच, १ आणि ११ तारखेच्या. काल टेम्पो आला तेव्हा दुपारचे १२.२० झाले होते. माझी पहिली पंगत साडेअकराला बसते. कोपऱ्यावरच्या दुकानातून किरकोळ भावाने दहा किलो तांदूळ आणून भात टाकला, तरी पहिल्या वीस-पंचवीस मुलांना नुसत्या पोळी-भाजीवर उठावं लागलं.

आषाढी एकादशीचं तर विसरताच येत नाही. एकादशी रविवारी, ६ तारखेला होती. साबुदाणा शुक्रवारी यायचा, तो शनिवारी रात्री साडेनऊला आला. रात्रीच भिजवला म्हणून खिचडी झाली, पण सोबतचे दहा किलो शेंगदाणे भाजायला घेतले तर खवट! उपासाच्या दिवशी मुलांच्या ताटात बिनकुटाची खिचडी वाढली, याचं मला अजून वाईट वाटतं.

१५ तारखेला आलेल्या तूरडाळीचं पोतं उघडलं तर तळाशी पीठ आणि त्यात सोंडे. माझ्या दोन्ही बायकांनी बसून चार किलो डाळ निवडली, धुतली, तरी पाच शिट्ट्या होऊनही ती कुकरात अखंडच राहिली. इतकी जुनी डाळ घोटूनही मिळून येत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री एका मुलाने काही न बोलता वरणातला सोंडा बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि तसाच जेवत राहिला. एमपीएससीसाठी गाव सोडून आलेली ही मुलं आहेत, घरून मोजके पैसे येतात. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

कालच्या तांदळाबद्दलही सांगते. मागितला होता जुना कोलम. न विचारता नवा पाठवलात, त्याचा गोळा होतो. २५ किलोचं पोतं काट्यावर ठेवलं तर २४ किलोच भरलं. आपल्या हमालासमोरच वजन केलं आहे, त्याला विचारून घ्या.

माझं म्हणणं असं. शिल्लक २६ किलो डाळ आणि सगळे शेंगदाणे परवा, शुक्रवारी, टेम्पो येईल त्यात परत घ्या. १ ते १५ जुलैचं बिल ४८,६२० रुपयांचं आहे. त्यातले डाळीचे ३,२५० आणि शेंगदाण्याचे १,३०० रुपये वजा करून ४४,०७० रुपये मी शुक्रवारीच देते. कमी भरलेला एक किलो तांदूळ पुढच्या बिलात वळता करा. इथून पुढे माल दारात मोजून घेतल्याशिवाय पावतीवर सही होणार नाही. एखादा माल नसेल तर आदल्या दिवशी रात्री आठच्या आत फोन करा, मनाने बदली माल पाठवू नका. आणि बिलावर आपला एफएसएसएआय क्रमांक छापलेला नसतो. तो असणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. तपासणीला कोणी आलं तर माल कुठून घेतला हे मला दाखवावं लागतं, तेव्हा तोही टाका.

शुक्रवारपासून श्रावण लागतोय. सोमवारचे उपास धरणारी निम्मी मुलं आहेत. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिरा यांची यादी उद्या पाठवते. हा माल परवा सकाळी आठच्या आत आणि स्वच्छ यायलाच हवा.

२०२० च्या टाळेबंदीत खोल्यांवर अडकलेल्या मुलांसाठी मी डबे करत होते, तेव्हा आपल्या वडिलांनी एकही खेप चुकवली नव्हती. पैसे नंतर द्या म्हणाले होते. त्या शब्दाखातर पाच वर्षं मी दुसऱ्या दुकानाची पायरी चढले नाही. पण ११० जणांचं जेवण माझ्यावर आहे. ३१ जुलैपर्यंतच्या खेपा नीट आल्या नाहीत, तर १ ऑगस्टपासून माल दुसरीकडून घेईन आणि आपला हिशेब त्याच दिवशी चुकता करीन.

शुक्रवारी टेम्पोबरोबर आपण स्वतः आलात तर डाळीचं पोतं डोळ्यांनी बघता येईल. मी तसंच बांधून ठेवलं आहे.

आपली,
खानावळ चालक,
सदाशिव पेठ, पुणे

सोबत : ४, ८, १५, १८ व २२ जुलैच्या पावत्यांच्या प्रती (माल पोहोचल्याची वेळ लिहिलेल्या), डाळीचे व वजनकाट्याचे फोटो