विषय: क्वालिटी इंजिनिअर, चाकण प्लांट – तुमची फाइल सध्या होल्डवर

नमस्कार निखिल,

१३ जूनला तुम्ही प्लांट बघून गेलात, त्यानंतर आपलं बोलणं झालेलं नाही. १७ला मेल, २०ला व्हॉट्सअॅप आणि २४ला दोन फोन केले. आता माझ्याकडून पाठपुरावा थांबवते आहे. कारण काहीही असू शकतं: घरची अडचण, सध्याच्या कंपनीने वाढवून दिलेला पगार, किंवा सेकंड शिफ्ट सुटल्यावर निगडीपर्यंत बस नाही हा तुम्ही विचारलेला प्रश्न. (त्याचं उत्तर अजूनही तेच आहे, रात्रीची बस भोसरीपर्यंतच जाते.) कारण कळवायलाच हवं असं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कस्टमर ऑडिट आहे. तुमची नोटीस ६० दिवसांची. आज, २६ जूनला राजीनामा दिलात तरी २५ ऑगस्ट उजाडेल. म्हणून ही जागा उद्या दुसऱ्या उमेदवाराला ऑफर करतो आहोत.

सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे 'रिजेक्ट' नाही, 'होल्ड' टाकलं आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रिजेक्ट झालेली फाइल पुढच्या वेळी शोधात वरच येत नाही. तुमचा टेक्निकल राउंड डिसेंबरअखेरपर्यंत धरला जाईल, म्हणजे पीपॅप आणि एमएसएचे तेच प्रश्न पुन्हा नकोत. थेट प्लांट हेडशी बोलणं आणि मग पगाराची चर्चा. जूनमध्ये बोललेला आकडा मात्र तेव्हा लागू राहीलच असं नाही. तुम्ही पाठवलेल्या तीन सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मी ३० जूनला काढून टाकेन, तेव्हा ते नव्याने द्यावे लागतील.

पुढे कधी यावंसं वाटलं तर याच मेलला 'रिप्लाय' करा. पोर्टलवर नवा अर्ज भरू नका. मोबाइल नंबर तोच असल्याने सिस्टिम त्याला डुप्लिकेट ठरवते आणि तो माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. मेलमध्ये तीनच गोष्टी लिहा: नोटीस किती दिवसांची, बायआउट होतो का आणि सेकंड शिफ्ट चालेल का. 'सध्या नको' एवढे दोन शब्द आले तरी चालतील, तशी नोंद करून ठेवते.

एक सांगायचं राहिलं. लाइन नंबर ३ वर तुम्ही प्लग गेजवरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर बघून तारीख उलटल्याचं दाखवलंत ना, त्यानंतर त्या लाइनवरचे सगळे गेज तपासले. आणखी दोन निघाले. प्लांट हेडनी तुमची फाइल बंद करू नका असं सांगितलं, ते त्यामुळेच.

वैशाली
टॅलेंट अॅक्विझिशन, चाकण प्लांट
सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६