शॉप फ्लोअरवर मोबाइल वापरण्याबाबत नियम

रबाळे एमआयडीसीतील आपल्या कारखान्याच्या प्रेस शॉप, मशीन शॉप, पेंट शॉप आणि डिस्पॅच विभागांसाठी. १ जुलैच्या पहिल्या पाळीपासून लागू.

पिवळ्या पट्ट्याच्या आत मोबाइल वापरायचा नाही आणि खिशातही ठेवायचा नाही. पंचिंग झाले की फोन लॉकरमध्ये ठेवावा. इअरफोन आणि कॉल येणारी स्मार्टवॉचही त्यातच. कायम कामगार, कंत्राटी कामगार, अप्रेंटिस, व्हेंडरची माणसे आणि मॅनेजर, सगळ्यांना हाच नियम.

‘नुसता खिशात असला तर काय बिघडते?’ असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. फोन थरथरला की तो न उचलताही लक्ष तिकडे जाते. आपल्या जुन्या की-क्लच प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्येच थांबत नाही. हात डायमध्ये असताना पाय पेडलवर पडला, तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. लेथवर वाकताना वरच्या खिशातला फोन निसटला, तर माणूस विचार न करता तो झेलायला जातो आणि समोर चक फिरत असतो. बोटापेक्षा कोणताही फोन महाग नाही.

कानात इअरफोन असला तर फोर्कलिफ्टचा रिव्हर्स हॉर्न ऐकू येत नाही. पेंट शॉपमध्ये थिनरची वाफ असते आणि साधा मोबाइल फ्लेमप्रूफ नसतो, म्हणून तिथे पुढे दिलेली कोणतीही सवलत चालणार नाही.

घरच्यांना सिक्युरिटी केबिनचा लँडलाइन नंबर देऊन ठेवा. तातडीचा निरोप आला तर सुपरवायझरने तो पाच मिनिटांत कामगारापर्यंत पोचवायचा आणि मशीनवर बदली माणूस द्यायचा. ही जबाबदारी व्यवस्थापनाची आहे. ती पाळली नाही, तर कामगारांकडून नियम पाळण्याची अपेक्षा धरता येणार नाही.

घरी कुणी आजारी असेल, बाळंतपण जवळ आले असेल किंवा साखर मोजणारे सेन्सर फोनला जोडलेले असेल, तर पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरला सांगा. फोन त्याच्या टेबलावर चालू राहील. कारण इतरांसमोर विचारले जाणार नाही. मेंटेनन्सवाल्यांनी मॅन्युअल किंवा एरर कोड पाहण्यासाठी कंपनीचा टॅबलेट वापरावा, तोही मशीन बंद करून आणि लॉकआउट लावून. अपघात किंवा आग लागली, तर पट्ट्याचा विचार न करता जो फोन हाताशी असेल त्यावरून ११२ लावा.

पावसात ठाणे-वाशी लोकल बंद पडल्या किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाणी भरले, तर सुपरवायझर मशीन थांबवून सगळ्यांना दहा मिनिटे फोन पाहायला सोडेल. चहा आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये फोन मोकळेपणाने वापरा. बँकेच्या ओटीपीसारखी कामे तेव्हाच उरकावीत.

पहिल्यांदा नियम मोडल्यास तोंडी समज, पुन्हा मोडल्यास लेखी. पगार कापला जाणार नाही आणि कुणाचा फोन जप्त करण्याचा किंवा उघडून पाहण्याचा अधिकार सिक्युरिटीलाही नाही. लॉकरचे कुलूप बिघडले असेल, तर ३० जूनपूर्वी टाइम ऑफिसमध्ये कळवा.

उत्पादन व्यवस्थापक आणि सुरक्षा समिती