पाळीबदल नोंद : रुई सक्शन फॅन क्र. २ बंद

दि. १२ डिसेंबर, रात्रपाळी. सकाळपाळीच्या फोरमनभाऊंसाठी.

फॅन २ चा रिले कोणीही रिसेट करू नका. मोटरचं बेअरिंग गेलं आहे. स्विच पाडून फ्यूज काढले, पॅनलला कुलूप लावलं. चावी आणि फ्यूज रजिस्टरसोबत देतो आहे. जिन ७ ते १२ बंद. १ ते ६ फॅन १ वर नीट चालू आहेत.

२.४० ला ओव्हरलोड रिले पडला. एकदा रिसेट करून पाहिलं, तिन्ही फेजवर २६-२७ अँपिअर आले. प्लेटवर २१ आहे. दोन मिनिटांत पुन्हा पडला. व्होल्टेज ४०८ ते ४१४, तेव्हा लाइनचा दोष नाही. फ्यूज काढल्यावर पट्टे उतरवून मोटर हातानं फिरवली: पुलीकडून करकर आवाज, शाफ्टला खेळ, बेअरिंगपाशी हात ठेववत नव्हता. फॅनचा शाफ्ट मोकळा फिरतो, पट्टेही चांगले आहेत.

खरी काळजी आगीची. पुलीच्या गार्डखाली साचलेली रुई काळपट झालेली सापडली. धूर किंवा जाळ दिसला नाही. रुई काढून पाण्यात भिजवली, डक्ट उघडून टॉर्चनं पाहिला, आत काही नव्हतं. पण डक्टच्या जोडाला तिथंच फट आहे, त्यातून एखादी ठिणगी ओढली गेली नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून फॅन पडण्याआधी बांधलेल्या शेवटच्या तीन गाठी, २१४, २१५ आणि २१६, वजनकाट्यामागच्या मोकळ्या जागेत वेगळ्या ठेवल्या, खडूनं फुली मारली. ठिणगी गेली असेल तर गाठ आतल्या आत कित्येक दिवस धुमसते आणि वरून पांढरीच दिसते. नऊच्या ट्रकमध्ये त्या चढू देऊ नका, हमालांना आधीच सांगा. दर तासाला हात लावून, वास घेऊन बघा. गरम लागली तर पाण्याचा पाइप हाताशी असल्याशिवाय पट्ट्या तोडू नका, हवा लागली की भडकते.

फिटरला फोन झाला, आठला येतो म्हणाला. बेअरिंग ६३०९ स्टोअरमध्ये एकच आहे. मोटर उघडणारच आहे तर दोन्ही बाजूंची बदला, दुसरं पांढरकवड्याहून मागवा. मोटर तापली होती, त्यामुळे जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मेगर करून घ्या. एक मेगओहमच्या खाली आली तर चालवू नका. जोडाची फटही याच बंदमध्ये बुजवा. सुरू केल्यावर अर्धा तास करंट बघा, २१ च्या वर गेला तर थांबवा.

अंगणात कापसाच्या पाच ट्रॉल्या उभ्या आहेत, शेतकरी रात्रभर थंडीत बसले आहेत. वजन आणि उतरवणं याला फॅन लागत नाही, ते आधी करून त्यांना मोकळं करा.

रात्रपाळी फोरमन, सकाळी ६.१०