डीआरएस: स्टंपला लागतोय, तरी नाबाद कसा? (व्हिडिओची संहिता)

[पडद्यावर: चेंडू पॅडवर आदळतो. जोरदार अपील. अंपायर मान हलवतात. कोपऱ्यात 15 पासून उलटी मोजणी.]

निवेदक: रिप्लेमध्ये चेंडू लेग-स्टंपला घासून जातोय. अख्ख्या स्टेडियमला दिसतंय. तरी फलंदाज नाबाद! मग घरात कुणीतरी ओरडतंच, “अरे, लागतोय ना स्टंपला!” लागतोय, खरंय. आणि नाबाद हा निर्णयही बरोबर आहे.

डीआरएस म्हणजे डिसिजन रिव्ह्यू सिस्टिम, अंपायरचा निर्णय पटला नाही तर तो रिप्लेवर तपासून घ्यायची सोय. आधी हा रिव्ह्यू घ्यायचा कुणी, ते बघू. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कर्णधार, किंवा ज्याला बाद दिलंय तो फलंदाज. दोन्ही हातांनी ‘टी’ची खूण करायची, तीही 15 सेकंदांत. नॉन-स्ट्रायकरला, कीपरला विचारलेलं चालतं, ड्रेसिंग रूमला नाही. 2017 मध्ये बंगळुरू कसोटीत ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ तिकडे बघायला लागला, तर अंपायरनी त्याला तिथेच थांबवलं. कसोटीत प्रत्येक डावात 3 रिव्ह्यू मिळतात, वनडे आणि टी-ट्वेंटीत 2.

[पडद्यावर: थर्ड अंपायरची खोली. क्रमाने: नो-बॉल, बॅटची कड, बॉल ट्रॅकिंग.]

निवेदक: थर्ड अंपायर आधी नो-बॉल बघतात. गोलंदाजाचा पाय रेषेपुढे असेल तर पायचीतचा विषयच संपला.

मग बॅटची कड. अल्ट्राएजमध्ये स्टंप माइकचा आवाज आणि व्हिडिओची फ्रेम एकावर एक बसवतात. नुसता उसळलेला आलेख बघून टाळ्या वाजवू नका. बॅट पॅडला घासली किंवा जमिनीवर आपटली तरी आलेख उसळतोच. आलेख उसळला त्या फ्रेममध्ये चेंडू बॅटच्या शेजारी आहे का, हे बघायचं. दोघांत मोकळी जागा दिसली तर तो आवाज दुसऱ्याच कशाचा तरी.

कड नाही? मग बॉल ट्रॅकिंग. तीन प्रश्न. पिचिंग: टप्पा लेग-स्टंपच्या बाहेर असेल तर पायचीत नाहीच. इम्पॅक्ट: चेंडू पायाला लागला तेव्हा स्टंपच्या रेषेत होता का? ऑफ-स्टंपच्या बाहेर लागला आणि फलंदाजाने फटका खेळायचा प्रयत्न केला असेल, तर नाबाद. आणि विकेट्स: पाय मध्ये नसता तर चेंडू स्टंपवर गेला असता का?

[पडद्यावर: तीन स्टंप, लेग-स्टंपच्या बाहेरच्या कडेवर चेंडू. चेंडू उभा मधोमध कापलेला.]

निवेदक: खरी गंमत इथे आहे. पायापर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो. पुढचा मार्ग मात्र गणिताने काढलेला अंदाज. टप्पा पडून चेंडू लगेच पायाला लागला, तर टप्प्यानंतरच्या वाटचालीची माहिती थोडीच मिळते आणि अंदाज कच्चा होतो. म्हणून थोडक्यातल्या प्रसंगी मैदानावरच्या अंपायरचा शब्द राखायचा, असं ठरलं.

थोडक्यातला म्हणजे किती? क्रिकेटचा चेंडू साधारण 7.2 सेंटीमीटर रुंद, त्याचा अर्धा भाग 3.6. निम्म्याहून कमी चेंडू स्टंपला लागत असेल तर ‘अंपायर्स कॉल’. इम्पॅक्टलाही हाच हिशोब. पिचिंगला अंपायर्स कॉल नसतो.

[पडद्यावर: तोच चेंडू दोनदा. डावीकडे अंपायरचं बोट वर, उजवीकडे नाही.]

निवेदक: समजा, चेंडूची 3 सेंटीमीटर कड स्टंपला लागतेय. बोट वर गेलं होतं? बाद. नव्हतं गेलं? नाबाद. चेंडू तोच. नाबादचं बाद करायचं तर रेषेतही आणि स्टंपवरही किमान अर्धा चेंडू हवा. उलट, बॉल ट्रॅकिंगवर बादचं नाबाद करायचं तर टप्पा, रेषा किंवा स्टंप, यांपैकी एक तरी साफ चुकायला हवं.

2017 पासून एक सोय झालीय: अंपायर्स कॉलवर निर्णय कायम राहिला तरी रिव्ह्यू जात नाही. बाकी चुकलेला रिव्ह्यू मात्र गेलाच. 2019 च्या हेडिंग्ले कसोटीत ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू लेग-स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर उडवला. पुढच्याच षटकात त्यांच्या लायनच्या चेंडूवर इंग्लंडच्या स्टोक्सविरुद्ध अपील झालं, अंपायरनी नाबाद दिलं. रिप्लेत चेंडू स्टंपवर जाताना दिसत होता, पण हातात रिव्ह्यूच नव्हता. इंग्लंडने एका विकेटने सामना काढला.

[पडद्यावर: चेंडू पॅडला लागून सीमारेषेकडे. अंपायरचं बोट वर.]

निवेदक: आणखी एक नियम, बऱ्याच जणांना माहीत नसतो आणि मला तरी तो खटकतो. अंपायरनी बाद दिलं की त्या क्षणी चेंडू ‘डेड’. पुढे रिव्ह्यूत फलंदाज वाचला तरी त्या चेंडूवरच्या धावा मिळत नाहीत. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात न्यूयॉर्कला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध बांगलादेशच्या महमुदुल्लाला पायचीत दिलं आणि चेंडू पॅडला लागून चौकार गेला. रिव्ह्यूत तो नाबाद ठरला. चार लेगबाय मात्र मिळाले नाहीत. बांगलादेश हरला 4 धावांनी.