विषय: ‘फळ्यावरचे गणित’ या माझ्या चॅनेलची नक्कल करणाऱ्या खात्याबाबत तक्रार

दिनांक: 16 जून 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वापरकर्ता साहाय्य विभाग

महोदय,

मी स्मिता जगताप. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. आपल्या मंचावर 2020 च्या टाळेबंदीपासून माझे `@falyavarche_ganit` हे चॅनेल आहे. वर्गात जे शिकवते तेच फळ्यासमोर फोन लावून चित्रित करते. त्याचे पैसे घेत नाही, जाहिराती चालू केलेल्या नाहीत.

मे महिन्यापासून `@falyavarche_ganlt` नावाचे खाते माझे नाव, माझा फोटो आणि माझे व्हिडिओ वापरून चालू आहे. दोन्ही नावे जरा सावकाश वाचावीत. त्यांच्या नावात शेवटून दुसरे अक्षर i नसून l आहे. मोबाइलच्या बारीक अक्षरांत हा फरक मलाही पहिल्यांदा दिसला नव्हता, मग पालकांना काय दिसणार?

हे खाते मी आपल्या ‘तक्रार नोंदवा’ बटणातून कळवले होते. ‘आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही’ एवढेच उत्तर आले. त्या खात्याच्या माहितीत खाली कुठेतरी ‘फॅन पेज’ लिहिले आहे, म्हणून असेल कदाचित. पण कोणता चाहता माझ्या नावाने क्यूआर कोड लावून पैसे गोळा करतो?

पैशांचा प्रकार असा. दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला. पुरवणी परीक्षा 24 जूनपासून आहे. ज्यांचा गणित विषय राहिला, त्या मुलांना गाठून हे खाते 299 रुपयांत ‘जगताप मॅडमचा हमखास पेपर’ विकते आहे. मी बोर्डाची पेपरसेटर आहे, असेही तिथे लिहिले आहे. ते धादांत खोटे आहे. गेल्या आठवड्यात एक आई शाळेत आली. तिने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट माझ्यासमोर धरला आणि विचारले, “मॅडम, पेपर कधी पाठवणार? पोरगं रोज फोन बघतंय.” शेतमजुरी करणाऱ्या बाईला 299 रुपये म्हणजे एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास. तिला मी 1930 वर फोन लावून दिला. पण तोवर मुख्याध्यापकांकडे बोभाटा झाला होता. पूर्वपरवानगीशिवाय शिकवणीतून कमाई करणे आम्हाला चालत नाही, त्यामुळे माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. तो मी दिला आहे. प्रत सोबत जोडली आहे.

व्हिडिओ माझेच आहेत हे कसे ओळखायचे, तर ‘वर्तुळ, भाग 3’ हा एकच व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहावा. माझ्या चॅनेलवर तो 5 ऑक्टोबर 2023 रोजी आला, त्यांच्याकडे 21 मे 2025 रोजी. मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि हजर पट लिहिते. त्यांनी नेमका तेवढा कोपरा एका हसऱ्या चेहऱ्याच्या चित्राने झाकला आहे. चित्र झाकले, आवाज राहिला. अंतर्लिखित कोनाच्या प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर असताना 11:40 ला मधल्या सुट्टीची घंटा होते आणि दारातून एक मुलगी “बाई, खिचडी आली” असे ओरडते. मी “आधी कोन पूर्ण करू, मग खिचडी” म्हणते आणि वर्ग हसतो. हे सगळे त्यांच्या व्हिडिओतही जसेच्या तसे, त्याच सेकंदाला आहे. मूळ चित्रीकरण माझ्या फोनमध्ये न कापलेले आहे. आपण मागाल तेव्हा पाठवीन.

आता सर्वांत संतापजनक भाग. याच व्हिडिओवर त्या खात्याने स्वतःच कॉपीराइटचा दावा केला, आणि आपण माझा व्हिडिओ उतरवून माझ्या चॅनेलला स्ट्राइक दिला. चोराने फिर्याद द्यावी आणि घरमालकाला चौकीत बसवावे, तसे झाले. दीड वर्ष आधी प्रसिद्ध झालेला व्हिडिओ नंतरच्याची नक्कल कसा असेल, हे आपल्याच मंचावरच्या तारखा पाहून कळले असते.

या स्ट्राइकला प्रतिदावा करा, असे मला सुचवले गेले. तो अर्ज मी उघडला. त्यात माझे पूर्ण नाव, राहता पत्ता आणि फोन नंबर भरायचा आहे, आणि ही माहिती दावा करणाऱ्याला पाठवली जाईल असे खाली स्पष्ट लिहिले आहे. जो माणूस माझ्या नावावर लोकांना लुबाडतो आहे, त्याच्या हाती माझ्या घराचा पत्ता मी देणार नाही. शिवाय प्रतिदाव्यानंतर दावेदाराला 10 कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्यात पुरवणी परीक्षा सुरू होईल. म्हणून हा विषय कॉपीराइटच्या वाटेने न नेता तोतयेगिरी म्हणूनच हाताळावा, असा माझा आग्रह आहे.

मुलांबद्दल एक गोष्ट. माझ्या व्हिडिओत मुले पाठमोरी असतात. आवाज येतो, तोही पालकांची लेखी संमती घेऊन, आणि ती संमती फक्त माझ्या चॅनेलपुरती आहे. या खात्याने शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोतून आमच्या एका विद्यार्थिनीचा चेहरा कापून घेतला आणि ‘मॅडममुळे 97 गुण’ असे लिहून जाहिरातीवर चिकटवला. ती मुलगी अजून नववीत आहे. तिच्या वडिलांचे स्वतंत्र पत्र जोडले आहे. बाकी कशाला वेळ लागणार असेल तरी हे चित्र आजच्या आज हटवावे.

माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 मधील नियम 3(2)(ख) नुसार तोतयेगिरीची तक्रार त्या व्यक्तीनेच केली, तर 24 तासांच्या आत तो मजकूर हटवण्यासाठी वा बंद करण्यासाठी पावले उचलणे आपल्यावर बंधनकारक आहे. ही तक्रार मी त्याच नियमाखाली करत आहे. तक्रारीची पोच आणि तिचा क्रमांक मला लेखी कळवावा.

`@falyavarche_ganlt` हे खातेच बंद करावे, निव्वळ एखाददुसरा व्हिडिओ उतरवून भागणार नाही. माझा ‘वर्तुळ, भाग 3’ परत दिसू लागावा आणि स्ट्राइक काढावा. माझ्या व्हिडिओंखाली ‘मॅडमचे नवीन चॅनेल’ म्हणून त्यांनी टाकलेल्या प्रतिक्रियाही काढाव्यात, कारण मी एक पुसली की दुसरी येते. मात्र खाते बंद करताना त्याची नोंदणीची माहिती पुसू नये. नियमांप्रमाणे ती 180 दिवस जपायची असते, आणि cybercrime.gov.in वर तोतयेगिरी करून फसवणुकीची, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ड खालची तक्रार मी केली असल्याने पोलिसांना ती लागणार आहे.

समाधानकारक उत्तर न आल्यास मी तक्रार अपील समितीकडे जाईन. त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते, पण मी तेवढी थांबणार नाही.

सोबत माझे शाळेचे ओळखपत्र, मुख्याध्यापकांचे पत्र, दोन्ही खात्यांचे स्क्रीनशॉट, पालकांनी भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि सायबर तक्रारीची पोच जोडली आहे. यातली कोणतीही कागदपत्रे त्या खातेधारकाला पाठवू नयेत. काही विचारायचे असल्यास माझ्या खात्यात नोंदवलेल्या नंबरवर दुपारी साडेचारनंतर फोन करावा. त्याआधी मी वर्गावर असते.

आपली,
स्मिता जगताप
गणित शिक्षिका
चॅनेल: `@falyavarche_ganit`