नाथषष्ठीच्या प्रवचनाचं टिपण : कावडीतलं पाणी

पेटीवाल्या ताई आणि टाळकरी मंडळी, षष्ठीला संध्याकाळी ७ ते ८ सोसायटीच्या हॉलमध्ये बोलायचंय त्याचं टिपण पाठवतेय, सगळं शब्दशः नाहीये पण अभंग कुठे आणि गोष्ट कुठे ते पक्कं आहे, तेवढं बघून ठेवा.

आधी "जय जय रामकृष्ण हरी", दोनच मिनिटं, लय चढवू नका. मग मी सुरू करेन : माऊली, चार दिवसांपूर्वी बीज झाली, तुकोबारायांची, आणि आज फाल्गुन वद्य षष्ठी, १५९९ साली याच तिथीला नाथबाबांनी पैठणला देह ठेवला. म्हणून आज अभंग तुकोबांचा आणि गोष्ट नाथांची. तुकोबांचा जन्म नाथांच्या नंतरचा, पण हा अभंग ऐकला की मला तरी डोळ्यासमोर नाथच दिसतात.

आता अभंग. एकदा मी म्हणेन, मग एकेक चरण सगळ्यांनी मोठ्याने, ध्रुवपद टाळकऱ्यांनी धरायचं :

जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले ॥
तोचि साधु ओळखावा । देव तेथेंचि जाणावा ॥
मृदु सबाह्य नवनीत । तैसें सज्जनाचें चित्त ॥
ज्यासि आपंगिता नाहीं । त्यासि धरी जो हृदयीं ॥
दया करणें जें पुत्रासी । तेचि दासा आणि दासी ॥
तुका म्हणे सांगूं किती । तोचि भगवंताची मूर्ति ॥

पहिले दोन चरण सगळ्यांना पाठ असतात, त्यावर जास्त वेळ नको. "आपंगिता नाहीं" म्हणजे ज्याला जवळ घेणारं कुणीच नाही, इथून गोष्टीत शिरायचं.

गोष्ट सावकाश सांगायची. नाथ साधे नव्हते हो, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करणारा माणूस, १५८४ साली ते काम पुरं झालं, केवढा अधिकार! तर असे नाथ गंगेचं पाणी कावडीत भरून रामेश्वराला निघालेत, बरोबर यात्रेकरू आहेत, खांद्यावर बांबू, दोन टोकांना पाण्याची भांडी, त्यांची तोंडं बांधलेली, पाय भाजतायत पण या पाण्याला कुणी तोंड लावत नाही कारण ते देवाचं आहे. आणि वाटेत वाळवंटात एक गाढव पडलंय, तहानेने तडफडतंय. (इथे पेटी पूर्ण बंद.) यात्रेकरू बघतात, हळहळतात, पुढे जातात. नाथ थांबले, कावड उतरवली, भांड्याचं तोंड सोडलं आणि गाढवाची मान वर धरून ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. लोक म्हणाले, एवढ्या लांबून आणलं, आता रामेश्वराला काय वाहणार? नाथ म्हणाले, माझा रामेश्वर इथेच पाणी प्यायला. हे वाक्य झालं की लगेच "देव तेथेंचि जाणावा", तीन वेळा, सगळ्यांनी.

यात मला सर्वात मोठं काय वाटतं सांगू का, नाथांनी उरलंसुरलं दिलं नाही. जे देवासाठी राखलं होतं, सगळ्यात चांगलं होतं, तेच दिलं. आणि मग परंपरा सांगते की प्रत्यक्ष श्रीकृष्ण श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी कावडीने पाणी भरायला राहिले. ज्या रांजणात ते पाणी भरायचे तो पैठणला नाथांच्या वाड्यात आजही आहे, सोहळ्यात भाविक त्यात पाणी घालतात.

आता आपल्या घरी या. "दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी", हा चरण परत म्हणून घ्यायचा आणि मग स्पष्ट विचारायचं, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का? खिडकीत पालथा घातलेला, दांडी तुटलेला? लेकाला चहा आपण त्या कपात देऊ का? उद्या सकाळी तो कप टाकून द्या आणि घरच्या कपात चहा द्या, ओट्याजवळ उभं ठेवून नाही, बसा म्हणा. पार्सल घेऊन चार जिने चढून आलेल्या पोराला ओटीपी सांगायच्या आधी पाणी विचारा, त्याच ग्लासातलं ज्यातून आपण पितो. ऊन सुरू झालंय, गेटजवळ झाकणाचा माठ हवाच, पण तो रोज धुवायचा कुणी ते तिथेच ठरवून टाकू, पहिला आठवडा माझा. (हे बोलताना कुणाकडे बघायचं नाही, रागावल्यासारखं वाटता कामा नये, लोकांना ते लागतं आणि मग ऐकणं बंद होतं.)

शेवटी पसायदान उभं राहून, मग गजर. प्रसादाला वॉचमनकाका, झाडूवाल्या ताई आणि मावशी यांना आपल्याच पंगतीत बसवायचं, निरोप मी आधीच दिलाय, सतरंज्या तेवढ्या दोन जास्त लागतील, कुणाकडे असतील तर सांगा.